रिकामी भट्टी, भरलेली भट्टी आणि घरातल्या घरात ठरणारा भाव

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत ओतकामाचे कारखाने पसरलेले आहेत. शेतीसाठी लागणाऱ्या तेलाच्या इंजिनांपासून या भागातल्या ओतकामाने जोर धरला आणि पुढे मोटारगाड्या, ट्रॅक्टर, पंप अशा अनेक उद्योगांचं बीड इथे ओतलं जाऊ लागलं. अशा भागात एक कंपनी आहे अशी कल्पना करू. तिची स्वतःची फाउंड्री आहे आणि शेजारच्या प्लॉटवर पंप तयार करणारा विभाग आहे. फाउंड्री बाहेरच्या गिऱ्हाइकांनाही माल विकते. पंप विभागाला दरमहा वीस किलो वजनाची १,२०० केसिंग लागतात. दोन्ही विभागांना वेगळे व्यवस्थापक आहेत आणि वर्षअखेरीस दोघांचा नफा वेगळा मोजला जातो. मग फाउंड्रीने पंप विभागाला एक केसिंग कितीला द्यायचं?

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणार, मालक तर एकच. पण या भावावर पंप विभागाचा व्यवस्थापक ठरवतो की माल घरातून घ्यायचा की बाहेरून, आणि त्या निर्णयात खरा पैसा कंपनीबाहेर जातो. या भावाला ट्रान्सफर प्राइस म्हणतात. तो ठरवताना बहुतेक कंपन्या आधी उत्पादनखर्चाचा तक्ता उघडतात. त्याआधी फाउंड्रीत जाऊन भट्टी भरलेली आहे की रिकामी, हे पाहायला हवं.

आपल्या कल्पित कंपनीचे आकडे समजण्यासाठी सोपे ठेवू. एक केसिंग ओतायला पिग आयर्न, भंगार आणि मिश्रधातू मिळून ९५० रुपये लागतात. वीज २५० रुपयांची, वाळू, बाइंडर आणि कोअर यांचे १५०, आणि ओतल्यानंतर कडा घासून साफ करण्याची, म्हणजे फेटलिंगची, नगावर दिली जाणारी मजुरी १००. एकूण १,४५० रुपये. हा खर्च केसिंग ओतलं तरच होतो, ओतलं नाही तर होत नाही. त्याशिवाय कायम कामगारांचे पगार, यंत्रांचा घसारा, कर्जाचं व्याज आणि वीजबिलातला मागणी आकार असा महिन्याचा साडेसतरा लाखांचा खर्च आहे. भट्टी पेटो न पेटो, तो द्यावाच लागतो. फाउंड्रीची क्षमता महिन्याला ५,००० नगांची आहे. बाहेरचं गिऱ्हाईक अशाच वजनाच्या नगाला २,००० रुपये देतं, मात्र वाहतूक आणि पॅकिंगपोटी फाउंड्रीला नगामागे ५० रुपये खर्च येतो. म्हणजे बाहेर विकलेल्या प्रत्येक नगामागे तिच्या हातात ५०० रुपये उरतात. पंप विभागाला मात्र दुसरी एक फाउंड्री हेच केसिंग १,८५० रुपयांत पोहोच करून द्यायला तयार आहे.

आता समजा मंदीचा महिना आहे. बाहेरच्या ऑर्डरी ३,५०० नगांच्याच आहेत आणि १,५०० नगांची जागा मोकळी आहे. पंप विभागासाठी १,२०० केसिंग ओतली तर कोणत्याही बाहेरच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणावं लागत नाही. फाउंड्रीच्या खिशातून फक्त १,४५० रुपये जातात. तेवढे मिळाले तरी तिचं नुकसान नाही, आणि एक रुपया जास्त मिळाला तरी तो फायदाच. ही झाली खालची मर्यादा. वरची मर्यादा पंप विभाग ठरवतो: बाहेर १,८५० ला मिळत असताना तो त्याहून जास्त देणार नाही. या दोन्हींच्या मधला कुठलाही भाव कंपनीच्या दृष्टीने चालतो. कारण घरात ओतलेल्या प्रत्येक केसिंगमागे ४०० रुपये वाचतात. १,२०० नगांवर महिन्याला ४ लाख ८० हजार. भाव १,५०० ठरला की पंप विभाग खूश, १,८०० ठरला की फाउंड्री खूश. कंपनीचे ४ लाख ८० हजार दोन्ही वेळी तेवढेच राहतात.

पण प्रत्यक्षात काय होतं? लेखा विभाग सांगतो की सगळा खर्च निघाला पाहिजे आणि वर दहा टक्के नफा हवा. त्या महिन्यात ३,५०० नगच ओतले जात असल्याने साडेसतरा लाखांचा स्थिर खर्च त्यांच्यावर वाटला जातो. एका नगावर ५०० रुपये येतात. १,४५० आणि ५०० मिळून १,९५०, त्यावर दहा टक्के म्हणजे भाव २,१४५ रुपये. पंप विभागाचा व्यवस्थापक बाहेरचं १,८५० चं कोटेशन समोर ठेवतो आणि ऑर्डर बाहेर देतो. त्याच्या हिशेबाने त्याने नगामागे २९५ रुपये वाचवले. खरं म्हणजे जे केसिंग कंपनीला १,४५० ला पडलं असतं, त्यासाठी तिने १,८५० रुपये बाहेर दिले. आणि यातली सगळ्यात घातक गोष्ट अशी की भट्टी जितकी रिकामी, तितका एका नगावर स्थिर खर्चाचा बोजा जास्त, तितका आतला भाव चढा, आणि तितकंच घरचं गिऱ्हाईक बाहेर पळतं. मग भट्टी आणखी रिकामी होते. माल विकला जावा म्हणून बाजारात भाव उतरवायचा असतो, त्याच वेळी कंपनीच्या आत हा हिशेब तो चढवत नेतो.

अशा चुकीची किंमत किती मोठी असू शकते, हे दाखवणारं एक प्रकरण हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये १९५० च्या दशकात लिहिलं गेलं आणि पुढे व्यवस्थापन-लेखांकनाच्या वर्गांत वर्षानुवर्षे शिकवलं गेलं. त्याचं नाव ‘बर्च पेपर कंपनी’. या कंपनीच्या नॉर्दर्न विभागाला एक खास खोका हवा होता. त्याची आखणी कंपनीच्याच थॉम्प्सन विभागाने करून दिली होती. नॉर्दर्नने भाव मागवले. थॉम्प्सनने हजार खोक्यांना ४८० डॉलर सांगितले. वेस्ट पेपर या बाहेरच्या कंपनीने ४३०, तर आयर पेपर्सने ४३२. नॉर्दर्नच्या प्रमुखाला ४३० चा भाव घ्यावासा वाटला, आणि त्याच्या नफ्याचा हिशेब पाहता ते चूक नव्हतं.

आता आतली साखळी पाहू. थॉम्प्सनच्या हिशेबात त्याचा रोख खर्च ४०० डॉलर होता. त्यातले सत्तर टक्के, म्हणजे २८० डॉलर, कागदी पुठ्ठ्याचे होते, आणि तो पुठ्ठा कंपनीच्याच सदर्न विभागाकडून बाजारभावाने यायचा. त्या काळात सदर्नची गिरणी पूर्ण क्षमतेने चालत नव्हती, गोदामात माल साठला होता. तरी पुठ्ठ्याचा बाजारभाव उतरला नव्हता म्हणून सदर्नने आतही तोच भाव लावला. त्याचा स्वतःचा रोख खर्च विक्रीभावाच्या साठ टक्केच होता. २८० चे साठ टक्के १६८. थॉम्प्सनचा स्वतःचा १२० डॉलरचा खर्च त्यात मिळवला की हजार खोक्यांसाठी सगळ्या कंपनीच्या खिशातून जाणारी रक्कम येते फक्त २८८ डॉलर. ४८० चा भाव दोन थरांचा नफा आणि स्थिर खर्च अंगावर घेऊन उभा होता.

आयर पेपर्सच्या भावातही एक धागा लपलेला होता. ऑर्डर मिळाली तर आयर वरचा पुठ्ठा ९० डॉलरला सदर्नकडूनच घेणार होती आणि ३० डॉलरची छपाई थॉम्प्सनकडून करून घेणार होती. ९० पैकी सदर्नला ३६ डॉलर सुटत होते. छपाईचा खर्च २५ असल्याने थॉम्प्सनला ५. म्हणजे आयरला दिलेल्या ४३२ पैकी ४१ डॉलर घरी परत येणार होते आणि तिचा खरा भाव ३९१ होता. बर्चच्या दृष्टीने सगळ्यात महाग भाव वेस्टचा होता, आणि तो नॉर्दर्नला सगळ्यात स्वस्त दिसत होता. थॉम्प्सनची यंत्रंही मोकळी होती असं धरलं, तर वेस्टला ऑर्डर देऊन कंपनी दर हजार खोक्यांमागे १४२ डॉलर गमावणार होती.

या प्रकरणात कोणी लबाडी केली नाही. सदर्नने बाजारभाव लावला, थॉम्प्सनने आपला खर्च आणि नफा धरला, नॉर्दर्नने स्वस्त ते निवडलं. तिघांची कागदपत्रं बिनचूक होती. फक्त सदर्नची गिरणी रिकामी आहे ही एक गोष्ट भावात कुठेच उतरली नव्हती. बाजारभाव हा बाहेर खरोखर विकल्या जाणाऱ्या मालाचा भाव असतो. जो माल विकलाच जात नाही, त्याच्या आतल्या व्यवहाराला तोच भाव लावला की घोटाळा सुरू होतो.

पुन्हा कोल्हापुरात येऊ आणि चित्र उलटं करू. बाहेरच्या ऑर्डरी पूर्ण ५,००० नगांच्या आहेत, गिऱ्हाइकं रांगेत आहेत. आता पंप विभागाला १,२०० केसिंग द्यायची तर बाहेरचे १,२०० नग सोडावे लागतात. प्रत्येकामागे ५०० रुपये जातात. म्हणून खालची मर्यादा १,४५० अधिक ५००, म्हणजे १,९५० रुपये होते. पंप विभागाला बाहेर १,८५० ला मिळतं. दोन्ही मर्यादा एकमेकींना ओलांडून गेल्या, मध्ये जागाच उरली नाही. अशा वेळी व्यवहार न होणं हेच बरोबर. पंप विभागाने केसिंग बाहेरून घ्यावं आणि फाउंड्रीने आपल्या गिऱ्हाइकांना माल द्यावा. कंपनीचे नगामागे १०० रुपये, महिन्याला १ लाख २० हजार वाचतात. ‘घरचं काम आधी’ म्हणून वरून हुकूम सोडला तर नेमके तेवढेच बुडतात.

तीच भट्टी, तेच बीड, तेच केसिंग. तरी योग्य भाव एका महिन्यात १,४५० पासून सुरू होतो आणि दुसऱ्या महिन्यात १,९५० पासून. अर्थशास्त्रज्ञ जॅक हर्शलायफर यांनी १९५६ साली या प्रश्नाची जी मांडणी केली, तिचा गाभाही हाच: आतला भाव वाढीव खर्चाशी बांधलेला असावा, आणि बाहेर मोकळा, स्पर्धेचा बाजार असेल तर तो बाजारभावाशी जुळावा. विकणाऱ्याने माल दिल्यामुळे जे काही गमावलं, तेवढं त्याला मिळावं. रिकामी भट्टी फक्त कच्चा माल आणि वीज गमावते. भरलेली भट्टी त्यासोबत एक गिऱ्हाईकही गमावते.

बहुतेक महिने मात्र या दोन टोकांच्या मधले असतात, आणि खरा कस तिथे लागतो. समजा बाहेरच्या ऑर्डरी ४,४०० नगांच्या आहेत. जागा ६०० ची, मागणी १,२०० ची. पहिली ६०० केसिंग १,४५० ला पडतात, पुढची ६०० मात्र १,९५० ला. ऑर्डर तोडता येत असेल तर ६०० घरात ओतावीत आणि ६०० बाहेरून घ्यावीत. त्यात ६०० नगांवर ४०० प्रमाणे २ लाख ४० हजार वाचतात. पण पंप विभाग म्हणाला की सगळी केसिंग एकाच ठिकाणची हवीत, तर? तेव्हा सरासरी धरावी लागते. १,७०० रुपये. ती १,८५० च्या खाली असल्याने सगळं काम घरात घेणंही परवडतं, फायदा १ लाख ८० हजार. दोन्हींतला फरक ६० हजारांचा. बाहेरच्या फाउंड्रीसाठी पॅटर्नचा वेगळा संच करायचा असेल, नव्याने तपासणी लागणार असेल, तर तो खर्च या ६० हजारांशी ताडून पाहायचा.

या सगळ्यात ‘जागा मोकळी आहे’ हे कोण आणि कसं ठरवणार? फाउंड्रीत भट्टी हे एकच ठिकाण नसतं. साचे, कोअर, ओतणं, थंड करणं, फेटलिंग अशी ती साखळी आहे. भट्टी दिवसाला दोन हीट कमी घेत असेल, पण फेटलिंगच्या शेडबाहेर ओतलेल्या नगांचे ढीग लागले असतील, तर फाउंड्री भरलेली आहे असंच समजलं पाहिजे. मोकळी भट्टी दाखवून स्वस्तात केसिंग मागणारा व्यवस्थापक तिथे चूक करतो, कारण त्याचं केसिंग फेटलिंगच्या रांगेत दुसऱ्या कोणाला तरी मागे ढकलणार. आणि जिथे अडतं, तिथल्या तासांवर हिशेब मांडावा लागतो, नगांवर मांडून चालत नाही. समजा केसिंगच्या आतल्या पोकळ्या साफ करायला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात बाहेरच्या गिऱ्हाइकाचे दोन साधे नग साफ होतात आणि त्या प्रत्येकामागे ३०० रुपये सुटतात. मग एका केसिंगपायी ६०० रुपये जातात आणि खालची मर्यादा २,०५० होते. नगाला नग धरून केलेला हिशेब इथे फसतो.

जागा खरोखर मोकळी आहे का, हे ओळखायच्या खुणा साध्या असतात. बाहेरच्या गिऱ्हाइकांना सांगितलेली तारीख पाळली जाते आहे का, ओव्हरटाइम चालू आहे का, गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणाची चौकशी ‘आत्ता जमणार नाही’ म्हणून परत पाठवली का. शेवटची नोंद फार थोड्या ठिकाणी ठेवली जाते, पण गमावलेल्या गिऱ्हाइकाचा तोच एक लेखी पुरावा असतो. उलट बाजूने, फाउंड्रीचा व्यवस्थापक भट्टी भरलेली असल्याचं सांगून चढा भाव मागत असेल, तर त्याने नाकारलेल्या ऑर्डरी दाखवायला हव्यात.

खर्चाच्या बाबतीतही अशीच एक खबरदारी लागते. मंदीच्या महिन्यात कायम कामगारांचा पगार केसिंगच्या खर्चात धरता कामा नये, कारण ते काम नसतानाही तो दिला जातो. वीजबिल तर सरळ दोन भागांत येतं: मागणी आकार एका ओळीत, वापरलेल्या युनिटचा दुसऱ्या. केसिंगला दुसरी ओळच लागू. मात्र या कामासाठी तिसरी पाळी सुरू करावी लागली आणि त्यासाठी सुपरवायझर नेमला, तर त्याचा पगार या कामाचाच.

आयकर खातंही अशा आतल्या व्यवहारांचा भाव पाहतं, पण त्याचा उद्देश वेगळा आहे. वीजनिर्मितीसारख्या करसवलत असलेल्या उद्योगाने स्वतःच्या दुसऱ्या उद्योगाला वीज दिली, तर सवलतीसाठी बाजारभाव धरावा लागतो. जिंदाल स्टील अँड पॉवरच्या खटल्यात प्रश्न होता की हा बाजारभाव कोणता: कंपनी उरलेली वीज मंडळाला विकायची तो २ रुपये ३२ पैशांचा दर, की मंडळ उद्योगांना वीज द्यायचं तो ३ रुपये ७२ पैशांचा. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसरा दर मान्य केला. करापुरतं ते ठीक. पण उद्या त्या कारखान्याने जास्तीची एक पाळी चालवायची की नाही हे ठरवताना कराच्या कागदावरचा भाव वापरला, तर उत्तर चुकू शकतं. म्हणून कराचा भाव एक आणि निर्णयाचा भाव दुसरा, असे दोन हिशेब ठेवायला हरकत नसावी.

मंदीच्या महिन्यात १,४५० आणि १,८५० च्या मधला भाव चालतो हे मान्य केलं, तरी नेमका कुठला, यावर भांडण होतंच. १,४५० ला दिलं तर फाउंड्रीच्या पदरी काहीच पडत नाही आणि तिचा व्यवस्थापक पंप विभागाच्या कामाला शेवटची जागा देतो. म्हणून फायदा निम्मा-निम्मा वाटून १,६५० ठरवण्याकडे कल असतो. हा भाव न्याय्य वाटतो, पण त्यातही एक खोट आहे. समजा पंप विभागाला ३०० पंपांचं एक टेंडर मिळण्यासारखं आहे, भाव ५,७५० रुपये. केसिंग सोडून बाकीचा वाढीव खर्च ४,२०० रुपये. १,६५० चं केसिंग धरलं की पंप ५,८५० ला पडतो आणि विभाग टेंडर सोडून देतो. कंपनीचा खरा खर्च मात्र ५,६५० च आहे आणि भट्टीत अजून नेमकी ३०० नगांची जागा आहे. हातातले ३० हजार रुपये एका गुळगुळीत वाटणाऱ्या तडजोडीपायी गेले.

यावर उपाय म्हणून भावाचे दोन तुकडे करतात. पंप विभाग दरमहा १,२०० नगांची जागा राखून ठेवण्यासाठी २ लाख ४० हजार रुपये ठोक देतो आणि वर प्रत्येक केसिंगला १,४५० देतो. फाउंड्रीला १,६५० च्या भावाने मिळाले असते तेवढेच पैसे मिळतात. पण पुढचं केसिंग मागवताना पंप विभागाला खरा खर्च दिसतो आणि तो टेंडर भरतो. ठोक रक्कम वर्षाच्या सुरुवातीला बोलून ठरवता येते. नगाचा भाव मात्र लोखंडाच्या आणि विजेच्या दराप्रमाणे हलवत राहावं लागतं. शिवाय तो ठरलेल्या प्रमाण खर्चावर बांधावा. प्रत्यक्ष खर्चावर बांधला तर फाउंड्रीत जास्त नग बाद गेले तरी त्याचं बिल पंप विभागाला जातं आणि फाउंड्रीला ते कमी करायचं कारण उरत नाही.

करारात आणखी एक कलम लागतं, ते भट्टी भरू लागली तर काय करायचं याचं. शेतीपंपांची मागणी उन्हाळ्याआधी चढते. त्याच सुमाराला बाहेरच्या ऑर्डरीही वाढल्या तर १,४५० चा नगभाव फाउंड्रीवर अन्याय करतो आणि कंपनीलाही चुकीची दिशा दाखवतो. तेव्हा ठोक पैसे भरून राखलेल्या १,२०० नगांवर पंप विभागाचा हक्क ठेवावा, आणि त्यावरच्या प्रत्येक नगाला १,९५० चा भाव लावावा. राखलेली जागाही बाहेरच्या गिऱ्हाइकाला द्यायची असेल, तर फाउंड्रीने महिनाभर आधी सांगावं आणि सोडलेल्या नगांमागे पंप विभागाला भरपाई द्यावी. बाहेरून १,८५० ला घ्यावं लागणारं केसिंग त्याला ४०० रुपयांनी महाग पडणार, आणि फाउंड्रीला बाहेर ५०० सुटणार. म्हणजे ४०० ते ५०० च्या मधली भरपाई दोघांनाही परवडते, आणि भरपाई देऊनही फाउंड्री ती जागा मागते आहे, यावरून भट्टी खरंच भरली आहे हे मुख्य कार्यालयाला न विचारता कळतं.